पार्किंगची यादी एकदा नोटीस बोर्डावर लावा – आमच्या सोसायटीच्या कमिटीला खुलं पत्र

मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार, कमिटीतले सगळे आणि दोन्ही विंगमधल्या सगळ्या सभासदांनो,

नमस्कार. हे पत्र ग्रुपवर न टाकता उघड लिहितेय कारण ग्रुपवर पार्किंगचा विषय निघाला की दहा मिनिटांत कोणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकतं, कोणीतरी "हा विषय इथे नको" म्हणतं आणि मग तो विषय कुठेच होत नाही. इथे नको, मीटिंगमध्ये वेळ नको, ऑफिसात सचिव काका नको. मग कुठे?

आधीच सांगते म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको. मला पार्किंग आहे, स्टिल्टमध्ये आहे, लिफ्टपासून चार पावलांवर आहे आणि मी खाली जे सुचवतेय त्यात ती जागा काही काळ जाऊ शकते. घरात यावरून बरंच ऐकून घेतलंय. "तुला कोणी सांगितलंय समाजसेवा करायला" हे आमच्या ह्यांचं म्हणणं, आणि त्यांचा राग मला समजतो, कर्वेनगरच्या आमच्या गल्लीत रात्री नऊनंतर गाडी लावायला जागा शोधणं म्हणजे काय हे ज्याला शोधावं लागतं त्यालाच कळतं. एका बाजूला पी-१, दुसऱ्या बाजूला पी-२, तारीख बदलली की रात्री पायजम्यावर खाली उतरून गाडी समोर न्यायची, नाहीतर सकाळी जॅमर. आपल्या सोसायटीतली बारा घरं हे कायम करतायत. कायम म्हणजे फ्लॅट घेतल्यापासून.

आता आकडे. मी पोटापाण्यासाठी अकाउंट्सचं काम करते त्यामुळे आधी मोजल्याशिवाय मला बोलता येत नाही. सुट्टीच्या दिवशी टेप घेऊन खाली उतरले, वॉचमन काकांनी टेपचं दुसरं टोक धरलं. आपल्याकडे फ्लॅट ४८. पिवळ्या पट्ट्यांनी आखलेल्या कारच्या जागा ३३. त्यातली एक जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीच्या झाकणावर आहे, टँकर आला की ती गाडी काढावीच लागते, आणि एक बाजूच्या मार्जिनमध्ये आहे जिथून अग्निशमनची गाडी आत यायला हवी. महापालिकेच्या मंजूर नकाशात या दोन्ही जागा नाहीत, त्या आपणच कधीतरी आखल्यात. म्हणजे खऱ्या जागा ३१, त्यातल्या २२ स्टिल्टमध्ये आणि ९ उघड्यावर.

ज्या घरांत निदान एक चालती कार आहे अशी घरं ३८, भाडेकरूंसकट. ३८ पैकी जागा मिळालेली घरं २६. तुम्ही म्हणाल २६ घरं आणि ३१ जागा हे कसं, तर पाच घरांकडे दोन दोन आहेत. आणि १२ घरांकडे कार आहे पण जागा शून्य.

त्या पाच दुसऱ्या जागांचं काय चाललंय तेही सांगते. तीन ठिकाणी खरोखर दुसरी गाडी आहे. चौथ्या ठिकाणी कव्हरखाली एक गाडी आहे जिचे चारही टायर जमिनीला टेकलेत आणि आत मांजरीने संसार थाटलाय. पाचवी जागा गल्लीतल्या एका दुकानदाराला भाड्याने दिलीय. ऐकीव नाही, मी त्या दुकानदारालाच विचारलं, तो बिचारा सरळ म्हणाला महिन्याला दोन हजार देतो ताई, तुमच्याकडे अजून कुठली जागा निघाली तर सांगा. सोसायटीला त्या जागेचे महिन्याला शंभर रुपये मिळतात. सभासदाला दोन हजार, सोसायटीला शंभर, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी दुसऱ्या गल्लीत गाडी लावून दोन पिशव्या आणि झोपलेलं पोर घेऊन चालत येतात.

या सगळ्यावर कमिटीचं ठरलेलं उत्तर एकच. "बायलॉजमध्ये फर्स्ट कम फर्स्ट सर्व्ह लिहिलंय." बरोबर आहे, लिहिलंय. पण काका, ते पान उलटायचं असतं.

आपली सोसायटी नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्था आहे. पुण्यात बऱ्याच स्कीम अपार्टमेंट आहेत, त्यांना १९७० चा अपार्टमेंटचा कायदा आणि बिल्डरने नोंदवलेलं डीड ऑफ डिक्लरेशन लागू होतं, त्यांचं गणित वेगळं, त्यामुळे "माझ्या मेव्हण्याच्या अपार्टमेंटमध्ये असं चालतं" हा मुद्दा आपल्याकडे चालत नाही. आपल्याला १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा आणि आपण स्वीकारलेले आदर्श उपविधी लागू आहेत, आणि त्यात ७८ पासून पुढचे काही उपविधी पार्किंगवरच आहेत. कोणाला वाटेल वकिली भाषा आहे, पण सलग वाचले तर सोपं आहे. शिल्लक आणि उपलब्ध जागा प्रथम येणाऱ्याला प्रथम द्यायच्या, हे आहे. पण त्याच्याच पुढे असंही आहे की एका सभासदाला साधारणपणे एकापेक्षा जास्त जागा मिळणार नाही. मागणीअभावी जागा उरल्या तरच दुसरी द्यायची, तीही वर्षावर्षाच्या बोलीवर, आणि ज्याच्याकडे एकही जागा नाही अशा सभासदाला ती लागत नसेल तरच. आणि गाड्या जास्त, जागा कमी असतील तर सोडत काढायची, दरवर्षी. जागा विकायचा किंवा परस्पर दुसऱ्याच्या नावे करायचा हक्क सभासदाला नाही. शुल्क किती ते कमिटीने नाही, आमसभेने ठरवायचं, आणि जागा दिली की गाडी लावा नाहीतर नका लावू, शुल्क भरायचंच.

म्हणजे प्रथम येणाऱ्याला प्रथम हा नियम जागा पुरत असतील तेव्हाचा आहे. २००७ मध्ये सोसायटी झाली तेव्हा पुरत होत्या, तेव्हा निम्म्या घरांकडे कार नव्हती, सगळ्यांकडे ॲक्टिव्हा आणि स्प्लेंडर. तेव्हा दिलेली जागा आजन्म झाली ती कुठल्याही उपविधीमुळे नाही, कोणी विचारलंच नाही म्हणून.

आता सगळ्यात नाजूक विषय, बिल्डरच्या पावत्या. २६ पैकी ९ घरांकडे पावती आहे, फ्लॅट घेताना पार्किंगचे म्हणून वेगळे पैसे दिल्याची. मी त्यांच्या बाजूने एक वाक्य आधी बोलते. त्यांनी फसवून काही घेतलेलं नाही, घामाचे पैसे दिलेत, आणि "तुमची पावती म्हणजे रद्दी" असं जे मागच्या आमसभेत एकाने ओरडून सांगितलं ते अत्यंत असभ्य होतं. पण कायदा काय म्हणतो तेही पाहावं लागेल. ३१ ऑगस्ट २०१० ला सुप्रीम कोर्टाने नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या प्रकरणात निकाल दिला, दहिसरच्या एका सोसायटीच्या स्टिल्टखालच्या जागांचंच भांडण होतं ते. कोर्टाने सांगितलं की स्टिल्टमधली मोकळी जागा म्हणजे फ्लॅटही नाही आणि १९६३ च्या मोफा कायद्यातलं गॅरेजही नाही, त्यामुळे बिल्डर ती वेगळी विकू शकत नाही, ती सामाईक आहे. पुढे २०१६ च्या रेरा कायद्यातही उघडं पार्किंग सामाईक क्षेत्रातच धरलंय, आणि गॅरेज म्हणायचं तर वर छप्पर आणि तीन बाजूंनी भिंती हव्यात. आपल्या स्टिल्टमध्ये खांब आहेत, भिंती नाहीत.

तरी मी असं म्हणत नाही की उद्या त्या नऊ घरांच्या जागा काढा. ज्यांच्या नोंदणीकृत करारनाम्यात काही लिहिलंय त्यांचे करारनामे सोसायटीच्या वकिलाला दाखवा, लेखी मत घ्या, ते सगळ्यांना वाचायला द्या. आणि माझ्या योजनेत त्यांना थोडी सवलत ठेवलीय, ती पुढे येईलच.

योजना सांगते. ३८ घरं, ३१ जागा, म्हणजे एका घराला एकच असं धरलं तरी ७ घरं बाहेर राहणार, हे कोणीही, कुठलीही कमिटी आली तरी बदलणार नाही. यांत्रिक पार्किंग वगैरे जे मधे मधे निघतं त्याला आपल्या स्टिल्टची उंचीच नाही. तेव्हा बाहेर कोणीतरी राहणारच. प्रश्न एवढाच की तीच तीच घरं कायमची बाहेर, की सगळे पाळीपाळीने.

उपविधीत म्हटलंय तशी दरवर्षी ३८ चिठ्ठ्यांची सरळ सोडत काढली तर? पहिल्यांदा मलाही तेच सोपं वाटलं. पण हिशेब केला. यंदा जी सात घरं बाहेर राहिली त्यांच्याही चिठ्ठ्या पुढच्या वर्षी परत त्याच डब्यात जाणार, प्रत्येकाची बाहेर राहायची शक्यता ३८ मध्ये ७, म्हणजे त्या सातांपैकी सरासरी एक घर तरी लागोपाठ दुसऱ्या वर्षीही बाहेर राहणार. नियमाने बघितलं तर यात अन्याय काहीच नाही, पण ज्याच्यावर येईल तो म्हणणारच की सोडतीत गडबड आहे, आणि सगळ्यांना ते पटेलही. शिवाय दरवर्षी ३१ च्या ३१ गाड्यांच्या जागा बदलायच्या म्हणजे एप्रिल महिना नुसता भांडणात जाईल, नवा नंबर कोणाला आठवणार नाही आणि वॉचमन काका नोकरी सोडतील.

म्हणून सोडत एकदाच काढायची, आणि ती जागेसाठी नाही, क्रमासाठी. ३८ घरांना १ ते ३८ क्रम मिळणार. पहिल्या वर्षी क्रम १ ते ७ बाहेर. दुसऱ्या वर्षी ८ ते १४ बाहेर आणि पहिले सात परत आत. तिसऱ्या वर्षी १५ ते २१, असं करत पाचव्या वर्षी ३५ पर्यंत, सहाव्या वर्षी ३६, ३७, ३८ आणि परत १ ते ४. म्हणजे प्रत्येक घर साधारण साडेपाच वर्षांत एकच वर्ष रस्त्यावर. आज बारा घरं कायम बाहेर आहेत, त्याऐवजी हे. आणि आपलं वर्ष कधी येणार हे आधीच माहीत, त्यामुळे त्या वर्षी शेजारच्या बंगल्यात भाड्याने जागा बघा, गाडी गावी ठेवा, नवी गाडी घ्यायचं एक वर्ष पुढे ढकला, काय ते ठरवता येतं. पहिलं वर्ष सोडलं तर दरवर्षी फक्त सात जागांचा ताबा बदलतो, बाकीच्यांना हात लागत नाही. वाटपाचं पत्र मात्र एका वर्षाचंच द्यायचं, १ एप्रिल ते ३१ मार्च, आणि यादी दरवर्षी आमसभेत वाचायची म्हणजे उपविधीतली वर्षाची बोली पाळली जाते. हे असं चालतं का याबद्दल उपनिबंधक कार्यालयात एक पत्र देऊन विचारून घ्यावं, तोंडी नको.

आता क्रम लावताना एक गोष्ट. जी बारा घरं इतकी वर्षं बाहेरच आहेत त्यांची चिठ्ठी पहिल्याच वर्षी "बाहेर" निघाली तर त्याला काय अर्थ आहे. म्हणून तीन डबे करायचे. पहिल्या डब्यात ज्यांच्याकडे आज जागा आहे पण पावती नाही अशी १७ घरं, त्यांना क्रम १ ते १७. दुसऱ्यात पावतीवाली ९, त्यांना १८ ते २६, म्हणजे त्यांची पाळी तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षी येईल, तोपर्यंत वकिलाचं मत वगैरे सगळं होऊन जाईल. तिसऱ्यात आजवर बाहेर राहिलेली १२, त्यांना २७ ते ३८.

पहिल्या वर्षाचा हिशेब जुळतो का बघा. पाच दुसऱ्या जागा परत आल्या, पाच. पहिल्या डब्यातली सात घरं बाहेर गेली, सात जागा रिकाम्या. झाल्या बारा. बाहेरची बारा घरं आत. २६ मधून ७ गेले, १२ आले, ३१. एकही जागा जास्त नाही, कमी नाही. मी पहिल्या डब्यात आहे, त्यामुळे येत्या एप्रिलला माझी गाडी रस्त्यावर येण्याची शक्यता १७ मध्ये ७. आमच्या ह्यांनी हे वाक्य वाचून चहा अर्धाच सोडला.

त्या बारा रिकाम्या जागा कोणाला कुठली, त्याचीही चिठ्ठीच. पण इथे टेप परत काढावा लागतो, कारण सगळ्या जागा सारख्या नाहीत. महापालिकेच्या नियमात कारची जागा अडीच बाय पाच मीटर धरतात, लहान गाडीसाठी २.३ बाय ४.५. आपल्या जागा क्रमांक ९ च्या दोन्ही बाजूंना खांब आहेत आणि मधलं अंतर भरतं २ मीटर १० सेंटिमीटर. तिथे वॅगन आर सारखी गाडी लावली तर दोन्ही बाजू मिळून जेमतेम पन्नास सेंटिमीटर उरतात, सडपातळ माणूस एका बाजूने उतरू शकतो. इनोव्हा १.८३ मीटर रुंद असते, आरसे धरलेच नाहीत, तिथे ती घुसेल पण आतला माणूस आतच राहील. म्हणून आधी प्रत्येक जागेची लांबी रुंदी मोजून यादीत लिहायची, अरुंद जागांवर "फक्त लहान गाडी" असा शेरा मारायचा, मोठ्या गाडीवाल्यांनी रुंद जागांतून चिठ्ठी उचलायची आणि बाकीच्यांनी उरलेल्यातून. यावर कोणी म्हणेल मोठी गाडी घेतली म्हणून चांगली जागा का, हा मुद्दा रास्त आहे, म्हणून रुंद जागेचं शुल्क थोडं जास्त ठेवा. चिठ्ठ्या झाल्यावर दोघांना आपसात जागा बदलायची असेल तर दोघांच्या सहीचा अर्ज आणि रजिस्टरला नोंद, पैशाचा व्यवहार नाही.

मागच्या भिंतीला एकामागे एक अशा ज्या तीन जोड्या आहेत, जिथे मागच्याला निघायचं तर पुढच्याला उठवावं लागतं, त्या सोडतीत टाकूच नका. त्यासाठी आधी स्वतःहून तयार असलेल्या जोड्या विचारा, एकमेकांकडे किल्ली ठेवायची तयारी असलेल्या, आणि त्यांना शुल्क निम्मं. ए विंगमधल्या दोन घरांनी मला आत्ताच सांगितलंय की आम्ही तयार आहोत, त्यांची मुलं एकत्रच शाळेत जातात.

चालायला त्रास असलेल्या सभासदाला लिफ्टजवळची जागा, याला कोणाचाच विरोध नसावा, फक्त डॉक्टरांचा कागद हवा आणि तो दरवर्षी बघायचा. नाहीतर काय होतं ते शेजारच्या सोसायटीत मी पाहिलंय, गुडघे दुखणारे सासरे गावाला राहतात आणि जागा जावई वापरतो. इलेक्ट्रिक गाडीवाल्या दोन घरांनी स्वतःच्या मीटरवरून वायर ओढून चार्जर बसवलेत, त्यांची पाळी आली की चार्जरचं काय हा खरा प्रश्न आहे. मला वाटतं दोन जागांवर सबमीटर लावून सोसायटीचाच चार्जर बसवावा आणि बाहेरच्या वर्षीही त्यांना चार्जिंगपुरतं आत येऊ द्यावं, पण यात माझ्यापेक्षा जास्त कळणारे आपल्याकडे आहेत, त्यांनी बोलावं.

भाडेकरूंबद्दल. उपविधी सभासदाबद्दल बोलतात, भाडेकरूचं आमसभेने ठरवायचं. मी त्यांना ३८ मध्ये धरलंय कारण माझ्या मते मोजणी फ्लॅटची व्हावी. फ्लॅटला एक जागा, मालक ती स्वतः वापरत नसेल आणि लेखी देत असेल तर त्याच्या पाळीत भाडेकरूने वापरावी. भाड्याने दिलेल्या फ्लॅटच्या मालकाकडून मेंटेनन्स आणि वर नॉन-ऑक्युपन्सी घ्यायची आणि भाडेकरूला मात्र गाडी बाहेर लाव म्हणायचं, हे मला तरी बरं वाटत नाही. कोणाला पटत नसेल तर त्यावर वेगळं मतदान घ्या, पण नियम लिहून ठेवा, माणूस बघून नको.

हे सगळं बसवायला गणित फारसं लागत नाही, कागद लागतो, आणि आपल्याकडे नेमका कागदच नाही. आज पार्किंगची यादी कुठे आहे? सचिव काकांच्या डायरीत, ती डायरी त्यांच्या घरी, आणि ते मुलीकडे बंगळुरूला गेले की यादीही बंगळुरूला. मला काकांच्या प्रामाणिकपणाबद्दल तसूभरही शंका नाही, पण त्यांच्या जागी उद्या कोणीही येईल. एक रजिस्टर करा आणि त्याची प्रत नोटीस बोर्डावर काचेच्या आत लावा. जागेचा नंबर, मापं, फ्लॅट नंबर, गाडीचा नंबर, कधीपासून, कुठल्या ठरावाने, शुल्क भरलंय का. त्याच्याच खाली ज्यांनी नव्याने अर्ज केलाय त्यांची प्रतीक्षा यादी, अर्जाच्या तारखेसकट. अर्ज घेतला की पोच द्या. मागच्या वर्षी दुसऱ्या मजल्यावरच्या एकांचा अर्ज "मिळालाच नाही" आणि त्यांच्यानंतर राहायला आलेल्याला जागा मिळाली, हे खरं असो खोटं असो, पोच असती तर बोलायचं कारणच नव्हतं.

पात्रता ठरवायला तीन कागद पुरेत. आरसी, चालू विमा, चालू पीयूसी. आरसी सभासदाच्या किंवा घरातल्या माणसाच्या नावावर, कंपनीची गाडी असेल तर कंपनीचं पत्र. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे नूतनीकरण करावं लागतं, त्यामुळे आरसी बघितली की कव्हरखालच्या गाड्या आपोआप बाहेर पडतात, त्यासाठी कोणाशी भांडावं लागत नाही. गाडी विकली तर महिनाभरात कळवायचं, जागा प्रतीक्षा यादीकडे. नवीन गाडी घेतली तर मधेच कोणाला उठवायचं नाही, पुढच्या एप्रिलपर्यंत थांबायचं आणि मग क्रमात शेवटी लागायचं. तेव्हा ३९ घरं होतील आणि बाहेर आठ, फेरा थोडा लवकर येईल, एवढंच.

फ्लॅट विकताना जागा फ्लॅटबरोबर जात नाही हे आपल्या एनओसीमध्ये एका ओळीत छापा. एजंट जाहिरातीत कव्हर्ड पार्किंगसह लिहितात, नवा माणूस त्याचे पैसे देऊन येतो आणि पहिल्याच दिवशी गेटवर भांडण. त्या माणसाची चूक नसते, त्याला आपण आधी सांगितलेलं नसतं.

शुल्काबद्दल फार ताणत नाही. महिन्याला सरसकट शंभर रुपये हा आकडा २००७ चा आहे. स्टिल्ट, उघडी आणि रुंद जागा यांचे वेगळे दर असावेत, आणि दुसऱ्या गाडीला कधी जागा उरलीच तर तिचा दर चांगला चढा असावा, एवढं म्हणते. आकडा आमसभा ठरवेल. फक्त जो बाहेर आहे त्याच्या बिलात पार्किंगचे पैसे दिसता कामा नयेत, आज दोन घरांच्या बिलात ते लागतायत, मी बिलं पाहिलीत.

टू व्हीलर विसरू नका. घरटी दोन तरी आहेत आणि कारसाठी जागा वाढवा असा विषय निघाला की पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर पडते. एका कारच्या जागेत पाच सहा दुचाक्या सरळ मावतात. नकाशात दुचाकीसाठी दाखवलेल्या भागात कारची पट्टी मारायची नाही, हेही नियमात लिहा.

सोडत कशी काढायची तेही लिहितेय कारण मागे एकदा हॉलच्या बुकिंगसाठी सोडत झाली तेव्हा चिठ्ठ्या आधीच घडी घालून आणल्या होत्या आणि आजही त्यावरून टोमणे चालतात. कोऱ्या चिठ्ठ्या आमसभेतच सगळ्यांसमोर लिहा, मोठ्याने वाचून डब्यात टाका, दोन्ही विंगचे एकेक सभासद समोर उभे, शेवटी टाकलेल्या आणि काढलेल्या चिठ्ठ्या मोजा, पत्रकावर हजर असलेल्यांच्या सह्या, मोबाईलवर रेकॉर्डिंग. चिठ्ठी कमिटीच्या घरातल्या मुलाने उचलायची नाही. एवढंच.

आता मागणी. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक आमसभा घ्यावीच लागते. तिच्या अजेंड्यावर "पार्किंग वाटपाचा नियम मंजूर करणे व शुल्क ठरवणे" हा स्वतंत्र विषय घ्या, चौदा दिवस आधीच्या नोटिशीबरोबर नियमाचा मसुदा जोडा, म्हणजे लोक वाचून येतील. "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय" यात कृपया टाकू नका, तिथपर्यंत येईतो अर्धे लोक वडापाव खाऊन घरी गेलेले असतात आणि अशा विषयावर तिथे ठराव करणं योग्यही नाही. कमिटीला हे जमणार नसेल तर कायद्याच्या कलम ७६ खाली एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की महिन्याभरात विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. ४८ चे एक पंचमांश म्हणजे १०. या पत्रासोबत १३ सह्या आहेत, त्यातल्या पाच अशा घरांच्या ज्यांच्याकडे आज जागा आहे. त्या सह्या आत्ता मागणी म्हणून देत नाहीये, आमसभेच्या नोटिशीत विषय आला की त्यांची गरजच उरणार नाही.

आणि सभेपर्यंतचं एक काम लगेच होण्यासारखं आहे, त्याला ठरावही लागत नाही. आज जशी आहे तशी यादी, कोणाकडे कुठली जागा, बोर्डावर लावा. डायरीतून उतरवून काढायला माणूस हवा असेल तर मी रविवारी सकाळी दहाला ऑफिसात येते. मापांचा कागद आणि मसुदा माझ्याकडे टाइप करून तयार आहे, दोन्ही विंगच्या वॉचमन केबिनमध्ये एकेक प्रत ठेवलीय, ज्यांना काही खोडायचं आहे त्यांनी पेनने खोडा, समोर फ्लॅट नंबर लिहा म्हणजे येऊन बोलता येईल.

आपली,
बी विंगमधली एक सभासद (आणि सोबत सह्या केलेले बारा जण)